बॅटरी भरली की मोटर आपोआप चालू: रिलेला दाखवायचे काय?

प्रश्न १ (ता. अंबड, जि. जालना): नमस्कार साहेब. आखाड्यावर ५४० वॅटचे दहा पॅनेल, ५ केव्हीएचा हायब्रीड इन्व्हर्टर आन १२ व्होल्ट १५० एएचच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्या हायेत. नेट मीटर नाही. अकराला बॅटऱ्या फुल्ल होतात, पुढचं ऊन वाया जातं. म्हणून स्मार्ट रिले बसवला, उरलेल्या विजेवर विहिरीची १ एचपी सिंगल फेज मोटर आपोआप चालू व्हावी आन मोसंबीची टाकी भरावी. मिस्त्रीनं मेन वायरला क्लॅम्प लावला तर मोटर कधीच चालू झाली नाही. मग बॅटरीच्या ५४ व्होल्टवर सेट केलं तर दर दोन-तीन मिनिटाला चालू-बंद, चालू-बंद करती. काय चुकलं?

प्रश्न २ (त्यांच्याच शेजारच्या शेतकऱ्याचा): त्याच रिलेवर कडबाकुट्टी पण लावता येईल का?

उत्तर:

भाऊ, रिले चांगला आहे आणि मिस्त्रीही चुकीचा नाही. रिलेला चुकीची जागा दाखवली गेली, एवढेच.

क्लॅम्पची पद्धत नेट मीटरवाल्यांची. त्यांच्याकडे उरलेली वीज तारेतून महावितरणकडे जाते, क्लॅम्प ती मोजतो आणि रिलेला सांगतो. तुमच्याकडे वीज बाहेर जातच नाही. बॅटरी भरली आणि घरात मागणी नसली की इन्व्हर्टर पॅनेलकडून वीज घेणेच कमी करतो. म्हणजे तुमची उरलेली वीज कुठल्याही तारेत वाहत नसते, ती पॅनेलमध्येच अडवलेली असते. क्लॅम्पला शून्य दिसते आणि रिले दिवसभर वाट पाहत बसतो.

हे स्वतः बघायचे असेल तर दुपारी बारा-साडेबाराला, बॅटरी भरलेली असताना, इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर पॅनेलचे वॅट बघा. फ्रिज, पंखे आणि एखादा दिवा चालू असेल तर ४०० ते ५०० च्या आसपास आकडा दिसेल. आता मोटर हाताने चालू करा. १ एचपी मोटर चालताना साधारण ११०० वॅट ओढते. अर्ध्या मिनिटात पॅनेलचा आकडा १५०० च्या वर गेला आणि बॅटरी डिस्चार्ज होत नसेल, तर तेवढी वीज खरोखर अडकून पडली होती. आकडा वर गेला नाही आणि बॅटरीतून वीज जाऊ लागली, तर त्या वेळी उरलेले असे काही नव्हतेच. ही दोन मिनिटांची परीक्षा चार-पाच दिवस वेगवेगळ्या वेळी घ्या. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत मोटर निभते ते वहीत लिहा. पुढची सगळी सेटिंग त्या वहीवरून करायची आहे.

मग रिलेने बघायचे काय? बॅटरीचेच व्होल्टेज. पण एका आकड्यावर नाही. तुमची मोटर चालू-बंद का होते ते असे: ५४ दिसले, रिलेने मोटर लावली. मोटर उठताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि पॅनेलला आपला हात सैल करायला काही सेकंद लागतात. तोपर्यंतचा भार बॅटरीवर येतो, व्होल्टेज ५२ च्या खाली घसरते आणि रिलेला वाटते की वीज संपली. तो मोटर बंद करतो. भार गेला की व्होल्टेज परत ५४. पुन्हा चालू. ऊन भरपूर असूनही हा खेळ चालतो, आणि त्यात मोटरचे वाइंडिंग तापते, कपॅसिटर जातो.

म्हणून चालू करण्याचा आकडा वेगळा आणि बंद करण्याचा वेगळा ठेवायचा, दोन्हींत चांगले अंतर ठेवायचे आणि दोन्हींना वेळेची अट लावायची. तुमच्या चार बॅटऱ्यांच्या जोडणीला मी असे सुचवतो: व्होल्टेज सलग दहा मिनिटे ५६ च्या वर राहिले तर चालू. सलग तीन मिनिटे ५१ च्या खाली राहिले तर बंद. एकदा बंद झाली की निदान पंधरा मिनिटे पुन्हा चालू नाही. ५१ का, तर लेड-ॲसिडच्या चार भरलेल्या बॅटऱ्या भाराविना ५१ च्या जवळपास असतात. त्याच्या खाली व्होल्टेज टिकून राहिले म्हणजे मोटर आता पॅनेलवर नाही, बॅटरीवर चालली आहे. हे आकडे ट्यूब्युलर बॅटरीचे आहेत. लिथियम बॅटरीचे व्होल्टेज जवळजवळ सपाट राहते, तिथे टक्केवारीवरच जावे लागते.

यात एक खोच आहे, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बॅटरी भरत असताना व्होल्टेज ५७ च्या आसपास जाते, पण पूर्ण भरली की इन्व्हर्टर ते खाली आणून ५४ च्या आसपास धरून ठेवतो. याला फ्लोट म्हणतात. तुम्ही रिलेला बारानंतरच चालू होण्याची वेळ दिली आणि बॅटरी अकरालाच फ्लोटवर आली, तर ५६ त्याला दिसणारच नाही. त्यामुळे वेळेची खिडकी सकाळी साडेनऊपासून ठेवा. लवकर मोटर लागेल ही भीती नको, कारण ५६ चा आकडा टिकतो तोच मुळी बॅटरी बरीच भरल्यावर. खिडकी दुपारी साडेतीनला बंद करा, म्हणजे संध्याकाळपर्यंत बॅटरीला पुन्हा वर यायला वेळ मिळेल.

व्होल्टेज घेताना मिस्त्री एक चूक करतात. रिलेचे मोजणीचे टोक १२ किंवा २४ व्होल्टचे असते, म्हणून चारपैकी एकाच बॅटरीवरून तार काढतात. तसे करू नका. ती एक बॅटरी बाकीच्या तिघींपेक्षा सतत थोडी उतरत राहते आणि वर्षभरात पूर्ण संच बिघडतो. चारही बॅटऱ्यांच्या दोन टोकांवरून, ६० व्होल्ट सहन करणाऱ्या मोजणीच्या टोकावरच तार न्या आणि बॅटरीच्या टोकाजवळच १ अँपिअरचा फ्यूज घाला.

आता रिलेच्या ताकदीकडे येऊ. डबीवर १६ अँपिअर लिहिलेले असते आणि मोटर चालते सहा-सात अँपिअरवर, म्हणून लोक मोटर थेट रिलेतून काढतात. ते १६ अँपिअर गिझरसारख्या भाराचे असतात. मोटर उठताना ३५ ते ४० अँपिअरचा झटका बसतो आणि आतले चिमुकले कॉन्टॅक्ट एक दिवस चिकटून जातात. मी माझ्या स्वतःच्या रानात हे भोगले आहे. मोबाइलवर ‘बंद’ दिसत होते, मोटर मात्र चालूच होती. टाकी उतू जाऊन पाणी शेजाऱ्याच्या कपाशीत गेले आणि दोन दिवस बोलणी खाल्ली. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवायची, मोटरचा करंट कॉन्टॅक्टरने वाहायचा. कॉन्टॅक्टर मोटरच्या भारासाठीचा, म्हणजे एसी-३ प्रकारचा, १२ अँपिअरचा घ्या. कॉइलला समांतर आरसी स्नबर लावायला सांगा, नाहीतर कॉइल सुटताना उठणाऱ्या ठिणगीने रिले मधूनच हँग होतो.

कॉइलच्या वाटेत एकामागे एक या गोष्टी ओवून घ्या: तीन टप्प्यांचा ‘हात–बंद–ऑटो’ स्विच, त्याच्या ऑटो बाजूला रिले, मग टाकीचा फ्लोट स्विच, मग ओव्हरलोडचा कॉन्टॅक्ट. फ्लोट आणि ओव्हरलोड दोन्ही बाजूंना सारखेच लागू राहिले पाहिजेत, म्हणजे मोटर हाताने लावली तरी टाकी उतू जाणार नाही. फ्लोट रिलेच्या प्रोग्रॅममध्ये नको, तारेतच हवा. रिले बिघडला, रेंज गेली, काहीही झाले तरी टाकी भरली की मोटर थांबली पाहिजे. विहिरीत पाणी उतरते त्या दिवसांसाठी ड्राय रनची सोयही याच वाटेत घाला. रिलेच्या ॲपमध्ये लाइट गेल्यानंतर परत आल्यावरची स्थिती ‘ऑफ’ ठेवा. आपल्याकडचे ऑटो स्विच तुम्हाला माहीत आहेत: लाइट आली की साऱ्या शिवारातल्या मोटरी एकदम उठतात आणि डीपी बसते. तोच प्रकार इथे इन्व्हर्टरवर नको. नियमही रिलेच्या आतच साठवलेला असावा. इंटरनेटवरून चालणारा नियम आखाड्यावर भरवशाचा नाही.

तुमचा हिशोब बसतो का ते पाहू. ६ बाय ६ मीटरवर एकरी १११ झाडे. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला सुमारे १०० लिटर धरले तर रोज ११,००० लिटर लागतील. विहिरीतून टाकीपर्यंत एकूण उंची २० मीटर असेल तर १ एचपी मोटर तासाला सहा हजार लिटरच्या आसपास देते. म्हणजे दोन तासांत काम होते आणि वीज लागते जेमतेम सव्वादोन युनिट. एप्रिल-मे महिन्यात हे सहज जमेल. आभाळ असलेल्या पावसाळी दिवसांत मोटर चालूच होणार नाही, आणि तेव्हा मोसंबीला पाण्याची घाईही नसते. त्या दिवसांत ५६ चा आकडा ५३ वर आणण्याचा मोह होतो. तो टाळा, नाहीतर रात्री घर अंधारात राहील.

नवीन खरेदी करणाऱ्यांना एक सांगतो. काही हायब्रीड इन्व्हर्टरमध्ये जनरेटरचे टोक `Smart Load` म्हणून वापरता येते आणि बॅटरी किती भरल्यावर भार चालू करायचा, कितीवर बंद करायचा ते स्क्रीनवरच देता येते. तुमच्या इन्व्हर्टरच्या मेनूत ते असेल तर वेगळ्या रिलेची गरजच नाही, कॉन्टॅक्टर मात्र तरीही लागेल. आणि योजनेतून मिळालेल्या सौर कृषिपंपाच्या कंट्रोलरला हा रिले जोडू नका. साध्या कंट्रोलरची वीज उन्हानुसार बदलत्या फ्रिक्वेन्सीची असते, ती त्या पंपापुरतीच आहे. शिवाय छेडछाड केली तर वॉरंटीवर पाणी सोडावे लागेल.

आता कडबाकुट्टीचे. नाही. कुट्टी, गिरणी, थ्रेशर, म्हणजे ज्यात पाते किंवा पट्टा उघडा आहे असे कुठलेही यंत्र आपोआप चालू होता कामा नये. ढग सरकला आणि कुट्टी सुरू झाली, त्या वेळी कोणाचा हात अडकलेला वैरणीचा पेंढा काढत असेल हे रिलेला कळत नाही. विहिरीवरही ‘ही मोटर आपोआप चालू होते’ अशी पाटी लावा आणि फूटव्हॉल्व्हला हात लावण्याआधी स्विच ‘बंद’वर आणा.

कुट्टीसाठी रिलेचा उपयोग वेगळा करता येईल. टाकी भरल्यावरही ५४ व्होल्ट टिकून असतील तर दुसऱ्या रिलेवरून गोठ्यात एक लाल दिवा लागू द्या. दिवा दिसला की कुट्टी हाताने चालू करायची. फक्त २ एचपीची कुट्टी उठताना तुमच्या ५ केव्हीएच्या इन्व्हर्टरला जड जाईल, ती १ एचपीची असेल तरच, आणि विहिरीची मोटर बंद असताना.