मायटॉसिस की मायोसिस? आधी मराठी नाव आठव

इंग्रजी नावं कानाला सारखीच लागतात, म्हणून तू मराठी नाव धर. मायटॉसिस म्हणजे सूत्री विभाजन, मायोसिस म्हणजे अर्धगुणसूत्री विभाजन. उत्तर त्या ‘अर्ध’मध्येच आहे, पण ‘अर्ध’ म्हणजे निम्म्या पेशी नव्हेत, निम्मी गुणसूत्रं. मी स्वतः इथेच फसले होते. कांदा घे. त्याच्या पेशीत १६ गुणसूत्रं. मुळाच्या टोकाशी सूत्री विभाजन होतं, दोन पेशी, प्रत्येकीत १६. फुलाच्या परागकोशात अर्धगुणसूत्री, चार पेशी, प्रत्येकीत ८. ही निम्मी संख्या पहिल्याच टप्प्यात होते, सजातीय जोड्या वेगळ्या होताना. दुसरा टप्पा सूत्री विभाजनासारखाच दिसतो, म्हणून आकृती ओळखताना आधी जोड्या शोध.