हॉलच्या यादीत एकमेकांवर येणाऱ्या तारखा कशा पकडाव्यात

हॉलच्या बुकिंगची यादी तू स्प्रेडशीटमध्ये ठेवतोस आणि तारखांची टक्कर पकडायला नव्या बुकिंगची सुरुवात जुन्या बुकिंगच्या मध्ये येते का, एवढंच तपासतोयस. त्यात एक प्रकार हमखास निसटतो. समज, आधीचं बुकिंग १२ ते १३ जूनचं आहे आणि नवीन १० ते १४ जूनचं. नव्याची सुरुवात जुन्यात पडत नाही, शेवटही पडत नाही, तरी जुनं पूर्णपणे त्याच्या पोटात आहे.

म्हणून प्रश्न असा विचार: हे सुरू होतं ते दुसरं संपायच्या आत, आणि दुसरं सुरू होतं ते हे संपायच्या आत? दोन्हीला हो आलं की टक्कर. सगळे प्रकार यातच येतात.

A मध्ये हॉल, B मध्ये सुरुवात, C मध्ये शेवट असेल तर D2 मध्ये हे लिही आणि खाली ओढ:

```
=COUNTIFS($A$2:$A$500,A2,$B$2:$B$500,"<="&C2,$C$2:$C$500,">="&B2)
```

ओळ स्वतःलाही मोजते, म्हणून १ म्हणजे ठीक, २ किंवा जास्त म्हणजे टक्कर. ० आलं तर मात्र लगेच थांब: तारीख मजकूर म्हणून साठली आहे, किंवा शेवट सुरुवातीच्या आधीचा पडलाय. हॉलच्या नावामागे चुकून स्पेस राहिली तर उत्तर १ येतं आणि टक्कर लपते. नावं ड्रॉपडाउनमधूनच निवडायला लाव.

इथे शेवटचा दिवसही व्यापलेला धरलाय. सकाळी हॉल रिकामा करून संध्याकाळी दुसऱ्याला देत असाल तर तारखेसोबत वेळही भर आणि `<=`, `>=` च्या जागी `<`, `>` वापर.