हीट रेट कोणत्या युनिटवर काढला आहे?

ऐरोलीच्या कार्यालयात बसून विदर्भातील औष्णिक केंद्राचा अहवाल तपासताना, हीट रेट, म्हणजे एक युनिट विजेसाठी लागणारी उष्णता, जनित्रापाशी मोजलेल्या युनिटवर काढला आहे की केंद्राबाहेर पाठवलेल्या युनिटवर, हे तुम्ही सर्वप्रथम पाहावे. समजा, एका युनिटला ०.६५ किलो कोळसा लागला आणि त्याचे उष्मांक मूल्य किलोमागे ३,७०० किलोकॅलरी असले, तर हीट रेट युनिटमागे २,४०५ किलोकॅलरी येतो. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी असल्याने कार्यक्षमता सुमारे ३५.८ टक्के ठरते. मात्र केंद्रातील पंप, पंखे आणि कोल मिल यांनीच ७ टक्के वीज वापरली, तर निव्वळ हीट रेट २,५८६ होतो आणि कार्यक्षमता ३३.३ टक्क्यांवर येते. बॉयलर तोच आणि कोळसाही तोच असतो, म्हणून पाया तपासल्याशिवाय दोन केंद्रांची तुलना कृपया करू नये.