सिझेरियननंतर बाळाचा श्वास जलद का?

प्रश्न: ३८व्या आठवड्यात, कळा सुरू होण्याआधीच सिझेरियन झालं. बाळाचा श्वास मिनिटाला ७५ आहे. फुफ्फुसात पाणी राहिलंय म्हणतात. असं का होतं?

उत्तर: कळाच आल्या नाहीत, म्हणून फुफ्फुसातलं पाणी शोषून घ्यायचा इशारा बाळाला वेळेत मिळाला नाही. पोटात असताना बाळाची फुफ्फुसं स्वतःच पाझरवलेल्या द्रवाने भरलेली असतात. कळांच्या ताणाने बाळाच्या रक्तात अ‍ॅड्रेनालिन वाढतं आणि वायुकोशांच्या अस्तरातले सोडियमचे मार्ग उघडतात. सोडियम आत ओढलं जातं, त्यामागे पाणी जातं आणि पुढे रक्तात व लसिकेत मिसळतं. जन्ममार्गात छाती दाबली जाऊन पाणी निघतं असं सर्रास सांगतात, पण तो वाटा लहान. म्हणून कळा सुरू झाल्यावर केलेल्या सिझेरियनमध्ये हा त्रास कमी दिसतो, आणि ठरवून करायचं तर शक्यतो ३९ आठवडे भरू देतात.

साधारणपणे २४ ते ७२ तासांत श्वास ६०च्या खाली येतो. तोवर गरजेपुरता ऑक्सिजन देतात. इतक्या वेगात दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून नळीने दूध किंवा सलाईन. मात्र हे निदान इतर कारणं वगळूनच पक्कं होतं: ऑक्सिजनची गरज वाढत गेली, बाळ मलूल झालं किंवा तीन दिवसांनीही वेग उतरला नाही, तर न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग तपासावाच लागतो.