‘यापुढे दक्षता घेण्यात येईल’ लिहिण्याआधी

प्रिय मुली,

लेखा शाखेचं टेबल हातात घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात जुन्या परिच्छेदांचा, म्हणजे लेखापरीक्षेच्या प्रलंबित आक्षेपांचा, गठ्ठा तुझ्यापुढे आला, आणि ‘एवढ्या वर्षांपूर्वीच्या खर्चाचं उत्तर मी कसं देऊ?’ असं तू फोनवर विचारलंस. फोनवर नीट सांगता आलं नाही. पंचायत समितीत असताना मी एक परिच्छेद मार्गी लावला होता, तोच सविस्तर लिहितो. बाकीचे त्यावरून तुला उलगडतील.

आक्षेप 2011-12 या वर्षाचा, स्थानिक निधी लेखापरीक्षेने घेतलेला. 46 शाळांना प्रत्येकी 4,000 रुपयांचा एक बाकसंच, एकूण खर्च 1,84,000 रुपये. माझ्याकडे फाइल आली तेव्हा तिच्यात आधीची चार अनुपालनं, म्हणजे आक्षेपाला दिलेली उत्तरं, होती. चारही ठिकाणी ‘सदर बाबीची नोंद घेण्यात आली असून यापुढे दक्षता घेण्यात येईल’ एवढंच वाक्य, आणि चारही ठिकाणी लेखापरीक्षेचा शेरा एकच: ‘पुराव्याअभावी अनुपालन अमान्य’. तू फाइल उघडशील तेव्हा आधी हे शेरे वाच. काय हवं आहे ते त्यांनी बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं, पण ते कोणी वाचत नाही.

मग मूळ परिच्छेद काढला. गोषवारा नव्हे, मूळ अहवालाचं पान. वर्षानुवर्षं गोषवाऱ्यावरून गोषवारा उतरवला जातो आणि आक्षेपातला अर्धा भाग गळून पडतो. आमच्या गोषवाऱ्यात ‘साठा नोंद नाही’ एवढंच होतं. मूळ पानावर मात्र तीन वेगळे आक्षेप होते. साठा नोंदवहीत बाकांची नोंद नाही. 46 पैकी 11 शाळांच्या पोहोच पावत्या नाहीत. आणि पुरवठा तीन आठवडे उशिरा होऊनही दर आठवड्याला अर्धा टक्का हा करारातला विलंब दंड कापला नाही, म्हणजे 2,760 रुपये वसूलपात्र. पहिल्या दोन मुद्द्यांमुळे सगळे 1,84,000 रुपये आक्षेपाधीन धरलेले होते. एका परिच्छेदात तीन मुद्दे असतील तर तीन उत्तरं आणि प्रत्येकाचा स्वतंत्र पुरावा लागतो. आधीची अनुपालनं तिथेच अडकली होती.

साठा नोंदीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण तुझ्यावर दबाव येईल तो इथेच. पुरवठादाराने बाक भांडारात न आणता थेट शाळांवर उतरवले होते, म्हणून नोंद झालीच नव्हती. कार्यालयातल्या एका ज्येष्ठाने सुचवलं की 2012 च्या नोंदवहीत त्या महिन्याच्या पानाखाली दोन ओळी रिकाम्या आहेत, तिथे नोंद घालून टाकू. मी नाही म्हणालो, आणि तूही म्हण. त्या पानावर लेखापरीक्षकाच्या तपासणीच्या खुणा आहेत आणि ‘नोंद नाही’ असं त्यांनीच अहवालात लिहिलं आहे. आता नोंद दिसली तर साधी त्रुटी उरत नाही, बनावट दस्तऐवज होतो, आणि त्यावर सही तुझी असते. आम्ही चालू नोंदवहीत, चालू तारखेला नोंद घेतली: अमुक आदेशान्वये 46 संच थेट शाळांना पोहोच झाले, नोंद घेण्याची राहिली होती, परिच्छेद अमुक अन्वये आता घेतली. गटविकास अधिकाऱ्यांची सही घेतली आणि त्या पानाची साक्षांकित प्रत जोडली. सोबत पुरवठा आदेश आणि देयकाच्या प्रमाणकाची प्रत. लेखापरीक्षेने ते मान्य केलं. उशिरा घेतलेली खरी नोंद चालते.

पोहोच पावत्यांचं काम सर्वांत वेळखाऊ, पण त्यातच खरी तपासणी होते. मुख्याध्यापकांकडून आज ‘बाक मिळाले होते’ असा दाखला मागवायचा मोह होतो. आजच्या मुख्याध्यापकांना 2012 चं काय माहीत? असा दाखला लेखापरीक्षा मानत नाही, आणि मानू नये. आम्ही मागितली ती शाळेतल्या टिकाऊ वस्तूंच्या, म्हणजे जडसंग्रह, नोंदवहीची त्या वर्षीची प्रत, नोंदीचा पान क्रमांक आणि तारीख दिसेल अशी. 11 पैकी 8 शाळांच्या नोंदवहीत बाक सापडले, नोंदी त्याच काळातल्या. 2 शाळा पुढे कमी पटामुळे दुसऱ्या शाळांत समायोजित झाल्या होत्या. त्यांच्या वस्तू सुपूर्द केल्याची यादी केंद्र शाळेच्या कपाटात मिळाली, यादीत बाक होते. एका शाळेत मात्र ना नोंद, ना बाक. त्या 4,000 रुपयांबद्दल अनुपालनात स्पष्ट लिहिलं की पुरावा मिळाला नाही, तत्कालीन भांडारपालांना खुलासा मागितला आहे, नोटिशीची प्रत सोबत. ते सेवानिवृत्त झाले होते. तरीही नोटीस न देता थेट त्यांच्या निवृत्तिवेतनातून रक्कम कापा, असा प्रस्ताव मी टाकला नाही. जबाबदारी ठरल्याशिवाय वसुली करता येत नाही.

दंडाच्या 2,760 रुपयांबाबत सगळ्यांचं मत होतं की पुरवठादार आता कुठे सापडणार. मी अनामत नोंदवही काढली. त्याची 9,200 रुपयांची सुरक्षा ठेव तशीच पडून होती, त्याने ती कधी परत मागितलीच नव्हती. त्याच्या जुन्या पत्त्यावर नोटीस दिली, मुदत संपू दिली, मग करारातल्या अटीप्रमाणे 2,760 रुपये ठेवीतून उत्पन्नात वर्ग केले. पुरावा म्हणून अनामत नोंदवहीचं पान, समायोजनाचा आदेश आणि कॅशबुकातली जमा नोंद, तिन्ही जोडलं. वसुलीच्या बाबतीत नुसती पावती पुरत नाही. पैसे योग्य शीर्षाखाली जमा झाल्याचं कॅशबुकात दिसावं लागतं, आणि रक्कम बँकेत भरली असेल तर बँकेच्या विवरणपत्रातही.

अनुपालन लिहिताना डाव्या बाजूला आक्षेपाचे मूळ शब्द, उजव्या बाजूला उत्तर, आणि प्रत्येक उत्तराखाली ‘सहपत्र 3, पान 14’ असा उल्लेख ठेव. सहपत्रांना सलग पान क्रमांक दे. तपासणाऱ्याच्या टेबलावर असे शेकडो परिच्छेद असतात. पान शोधायला लावलंस तर तो ‘अमान्य’ लिहून पुढे जातो. आक्षेप महालेखाकार कार्यालयाचा असेल तर उत्तर त्यांच्याकडे जायला हवं. स्थानिक निधीच्या परिच्छेदांत तो मिसळू देऊ नकोस.

आमचा परिच्छेद पहिल्या फेरीत पूर्ण वगळला गेला नाही. आक्षेपाधीन रक्कम 1,84,000 वरून 4,000 वर आली आणि वसूलपात्र शून्य झाली. तशी नोंद परिच्छेद नोंदवहीत पत्राचा क्रमांक व दिनांक टाकून लगेच केली. हे विसरलीस तर पुढच्या बैठकीच्या तक्त्यात पूर्ण रक्कम पुन्हा उगवते. वगळल्याचं मूळ पत्रही त्या फाइलमध्येच राहू दे. आणि परिच्छेद प्रलंबित असेपर्यंत त्या वर्षाची कागदपत्रं नष्ट करता येत नाहीत, म्हणून अभिलेख कक्षात जुने कागद नष्ट करण्याचं काम चालू असेल तर तुझ्या प्रलंबित वर्षांची यादी आजच तिथे लेखी दे.

गठ्ठ्यातले पहिले पाच परिच्छेद निवड, त्यांची मूळ पानं काढ आणि रविवारी फोन कर.

तुझा,
काका