तिसरा गिअर निसटतो, आवाजही करतो

प्रश्न: ट्रक तिसऱ्या गिअरमध्येच कण्हतो आणि उतारावर अॅक्सिलरेटर सोडला की न्यूट्रलला येतो. सिंक्रो रिंग बदलली की जाईल का?

नुसत्या रिंगने जाणार नाही. सिलेक्टर फोर्क, स्लीव्ह आणि त्या गिअरचे डॉग दात तपासायला हवेत. गिअरबॉक्सच्या कामात मी हेच वारंवार पाहतो: फोर्कची टोकं झिजली की स्लीव्ह पूर्ण सरकत नाही, दात अर्धेच अडकतात. अर्ध्या पकडीत त्यांच्या कडा गोल होतात आणि अॅक्सिलरेटर सोडून भार उलटला की स्लीव्ह मागे घसरते. झिजलेली रिंग बहुधा गिअर टाकताना ‘खर्र’ करते. चालताना एकाच गिअरमध्ये येणारं कण्हणं बहुधा त्या गिअरजोडीच्या दातांचं असतं. उघडल्यावर फोर्क आणि स्लीव्हच्या खाचेतली फट फिलर गेजने मोजून मॅन्युअलशी ताडा. दात गोल झाले असतील तर स्लीव्हही बदला. जुन्या स्लीव्हवर नवा फोर्क टिकत नाही. मात्र आधी बाहेरची लिंकेज, माउंटिंग आणि फोर्कच्या शाफ्टची बॉल-स्प्रिंग पाहा. दोष तिथेच असेल तर निसटणं गिअरबॉक्स न उतरवता थांबतं, कण्हणं मात्र नाही.