घरी चार कप कॅपुचिनो करायला कोणतं एस्प्रेसो मशीन?

«जळगावला राहतो. सकाळी घरात चौघांना कॅपुचिनो लागते आणि मला ऑफिसची घाई असते. थर्मोब्लॉक मिनिटात तापतं म्हणतात, सिंगल बॉयलरला वेळ लागतो म्हणतात, आणि मित्र म्हणतो घ्यायचं तर हीट एक्स्चेंजरच घे. लहान किचनमध्ये काय बरं पडेल?»

तुमच्या मित्राचं वाक्य आमच्या दाजींनी मला तीन वर्षांपूर्वी जसंच्या तसं ऐकवलं होतं, म्हणून लिहायला बसलो.

मीही जळगावचाच. त्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ताई, दाजी आणि दोन्ही भाचे पुण्याहून आले होते. आम्ही घरचे तिघं, म्हणजे सात कप. माझ्याकडे तेव्हा सिंगल बॉयलर होतं, म्हणजे कॉफीचं पाणी आणि वाफ दोन्ही एकाच बॉयलरमधून, आणि तो बॉयलर जेमतेम १०० मिलीचा. रोज बायकोपुरते आणि माझ्यापुरते दोन कप त्यावर छान व्हायचे. त्या सकाळी दुधाचा पहिला जग वाफेवर तापला. दुसऱ्या जगात वाफेचा आवाज अर्ध्यातच बसला. तिसऱ्यात तर नळीतून वाफेपेक्षा पाणीच जास्त आलं. घाईत मी वाफ बंद केली आणि लगेच शॉट, म्हणजे एस्प्रेसोची धार, काढला. तो करपट, कडू आला, कारण बॉयलर तेव्हाही वाफेच्याच तापमानाला होता. आईने घोट घेतला आणि म्हणाली, «हाई दूध कोमटच से रे भाऊ, आते च्याच मांड.» दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, «मशीन घ्यायचं तर एचएक्सच. बाकी सगळी खेळणी.»

एचएक्स म्हणजे तुमच्या मित्राचं हीट एक्स्चेंजर: वाफ मोठ्या बॉयलरमधून येते आणि कॉफीचं पाणी त्यातून जाणाऱ्या वेगळ्या नळीत तापतं. दाजींचं बोलणं मला लागलं. आणि नेमकं काय चुकलं ते शोधायला मी कागद-पेन घेऊन बसलो.

फ्रिजमधलं १५० मिली दूध ५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ३२ किलोज्यूल उष्णता लागते. ती वाफेतून येते. आता वाफ काढताना बॉयलरमधलं पाणी १४० अंशांवरून ११५ पर्यंत उतरलं असं धरा. त्याच्या खाली वाफेत जोर उरत नाही. या उतारात १०० मिली पाणी सुमारे १० किलोज्यूल देतं, म्हणजे एका जगाचा तिसरा हिस्सा. ३०० मिलीचा बॉयलर ३१ देतो, म्हणजे जवळजवळ पूर्ण जग. एचएक्स मशीनचा दीड लिटरचा बॉयलर मुळातच १२२ अंशांच्या आसपास चालतो. तो ११५ पर्यंत, म्हणजे फक्त सात अंश उतरला तरी ४४ किलोज्यूल देतो. बॉयलरच्या धातूत साठलेली उष्णता यात धरलेली नाही. ती सगळीकडेच थोडी हातभार लावते, पण क्रम बदलत नाही. साठा कमी पडला की उरलेलं सगळं हीटरला त्याच क्षणी द्यावं लागतं. थर्मोब्लॉकमध्ये तर साठा जवळपास नसतोच. तापलेल्या धातूच्या ठोकळ्यातल्या बारीक मार्गातून पाणी जाता-जाता तापतं. म्हणून ते मिनिटात तयार होतं, आणि म्हणूनच त्याची वाफ मंद आणि ओलसर असते.

इथे आपल्याकडची एक गोष्ट येते, जी पुण्याच्या माणसाच्या डोक्यात येत नाही. मे महिन्यात कूलर सुरू झाले की आमच्या कॉलनीत व्होल्टेज पडतं. मी मल्टिमीटर लावून पाहिलं, सकाळी साडेआठला १९० होतं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. २३० वर १४०० वॅट देणारा हीटर १९० वर जेमतेम ९५५ वॅट देतो. प्रत्येक वेळी तापायला दीडपट वेळ. माझ्या १०० मिलीच्या बॉयलरला साठा नव्हता आणि हीटरही अर्धमेला झाला होता. दूध कोमट राहिलं ते यामुळे. सिंगल बॉयलर ही जातच वाईट, हा दाजींचा निष्कर्ष चुकीचा होता. बॉयलर छोटा होता आणि कप सात होते, एवढंच.

तरी त्यांचं ऐकून मी त्याच वर्षी एका बंद झालेल्या कॅफेतलं एचएक्स मशीन घेतलं. त्याचा ग्रुप, म्हणजे जिथून कॉफीवर गरम पाणी पडतं तो भाग, ई-६१ पद्धतीचा. ही रचना फाएमाने १९६१ मध्ये आणली, आणि आजही घरगुती एचएक्स मशिनांवर तीच जास्त दिसते. पितळेचा तो ग्रुप सुमारे चार किलोचा असतो आणि त्यातून गरम पाणी फिरत राहून तो तापतो. प्रेशरचा काटा दहा-बारा मिनिटांत १ बारवर जातो, माणूस फसतो आणि शॉट काढतो. तो आंबट येतो, कारण ग्रुप तेव्हाही थंडच असतो. खरी तयारी ३५ ते ४० मिनिटांची. पुन्हा, मशीन वीस मिनिटं नुसतं उभं राहिलं की बॉयलरमधून जाणाऱ्या नळीतलं पाणी उकळीच्या वर तापलेलं असतं. ते आधी सोडून द्यावं लागतं. लीव्हर उचलला की पाणी फसफसत, फुटत येतं. ते फुटणं थांबून धार सरळ झाली की अजून दोन-तीन सेकंद सोडायचं, मग पोर्टाफिल्टर, म्हणजे कॉफी पावडर भरलेली दांडीची वाटी, लावायचा. वाफ मात्र अप्रतिम होती, हे मान्य करतो. शॉट आणि दूध एकाच वेळी करता येतं, चौथा जगही पहिल्यासारखाच तापतो.

पण रोज आमचे दोन कप. दोन कपांसाठी चाळीस मिनिटं आणि प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण ग्लास पाणी मोरीत.

आणि मग पाण्याने दगा दिला. आमच्या बोअरचा टीडीएस ६०० च्या वर, म्हणून मी आरओचं पाणी घालत होतो, ते १५ च्या आसपास. या मशीनमध्ये बॉयलरची पातळी एक धातूची सळई ओळखते. पाणी सळईला टेकलं की त्यातून बारीक विद्युतप्रवाह जातो आणि पंप थांबतो. इतक्या कमी क्षारांच्या पाण्यातून प्रवाह नीट जात नाही. मशीनला वाटतं बॉयलर रिकामा आहे, आणि ते भरतच राहतं. एका सकाळी वाफेच्या नळीतून उकळतं पाणी आलं. बायकोचा हात थोडक्यात वाचला. तुमच्याकडे कधी वाफेऐवजी पाणी येऊ लागलं आणि पंप थांबेना, तर आधी प्लग काढा, नंतर कारण शोधा. मी पुढे चार भाग आरओ आणि एक भाग बोअर असं मिसळायला लागलो. टीडीएस १३० च्या आसपास आला आणि तक्रार संपली. पण त्या दिवसानंतर घरात त्या मशीनला कोणी हात लावेना. वर्षभराने विकलं.

आता माझ्याकडे ३०० मिलीचा पितळी बॉयलर असलेलं सिंगल बॉयलर आहे. रॅन्सिलिओ सिल्व्हिया त्याच मापाचं असतं, म्हणजे अंदाज येईल. दिवा चार-पाच मिनिटांत विझतो, पण मी वीस मिनिटं देतो. टाइमर लावलेला प्लग सव्वासहाला चालू होतो, मी उठेपर्यंत ग्रुप आणि त्यात अडकवलेला पोर्टाफिल्टर दोन्ही तापलेले असतात. म्हणजे वॉर्म-अपचा वेळ माझ्या सकाळीतून जातच नाही. लोक या एका आकड्यावर मशीन निवडतात, ते मला पटत नाही.

तुमच्या चार कपांसाठी याच मशीनवर क्रम असा ठेवा. आधी सगळे शॉट काढून घ्या. दोन डबल शॉट चार कपांत वाटले तरी दुधाच्या कॉफीला चालतं, आणि शॉटवरचा फेस, म्हणजे क्रेमा, थोडा बसला तरी दुधात कळत नाही. मग वाफेचं बटण दाबा. नळीतलं साठलेलं पाणी आधी फडक्यात काढून टाका. दिवा विझण्याच्या काही सेकंद आधीच वाफ सोडा, म्हणजे थर्मोस्टॅट हीटर बंद करत नाही आणि तो पूर्ण वेळ मदत करतो. एक जग झाला की पाऊण-एक मिनिट थांबून दुसरा. चार कपांचं दूध तीन जगांत होतं. सगळं संपल्यावर वाफ बंद करून ग्रुपमधून पाणी सोडा, फसफस थांबेपर्यंत. याने बॉयलर थंडही होतो आणि पुन्हा भरतोही. हे विसरलात तर आतलं पाणी कमी होऊन हीटर कोरडा पडतो आणि जळतो. आखाजीला माझ्या हातून शॉट करपला, तो हीच पायरी गाळल्याने. मागच्या आखाजीला याच मशीनवर मी सात कप केले. पंचवीस मिनिटं लागली, पण एकही कप कोमट नव्हता. दाजींनी दुसरा कप मागून घेतला.

थर्मोब्लॉकला मी खेळणं म्हणणार नाही. माझा चुलतभाऊ भुसावळला रेल्वेत आहे, पहाटेच्या ड्युटीआधी एकटा एक कप पिऊन निघतो. त्याच्यासाठी त्याहून योग्य मशीन नाही. त्याला एवढंच सांगितलं की आधी एकदा पावडर न घालता गरम पाणी सोडून पोर्टाफिल्टर आणि कप तापवून घे. पण चार जगांसाठी, आपल्या व्होल्टेजवर, जगामागे दीड मिनिट उभं राहावं लागेल. आणि बोअरचं पाणी घातलंत तर ते बारीक मार्ग लवकर चोंदतात. धार बारीक झाली, वाफ धक्क्या-धक्क्याने येऊ लागली, की क्षार साठलेत हे समजा. सायट्रिक अॅसिडच्या सौम्य द्रावणाने साफ करा, पण जास्त वेळ आत ठेवू नका, अॅल्युमिनियमचा ब्लॉक असेल तर तो खराब होतो.

तुमच्याकडे चौघं खरंच एकाच वेळी टेबलावर बसत असाल, ओटा खोल असेल आणि पाण्याची काळजी घेणार असाल, तर एचएक्स चूक नाही. दाजींचं तेवढं खरं आहे. पण चौघं वेगवेगळ्या वेळी उठत असाल तर ते दिवसभर तापत ठेवावं लागेल, आणि जळगावच्या उन्हाळ्यात किचनमध्ये ते कोणालाही नको असतं. कोणतंही घेतलंत तरी १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावा. १४०० वॅट म्हणजे ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटची हद्दच. आमच्या जुन्या सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडलं होतं, ते मला पाच महिन्यांनी दिसलं.